पगार कापला, पण कोणत्या दिवसाचा?

पगार जमा झाल्याचा मेसेज येतो, आकडा नेहमीपेक्षा कमी असतो आणि माणूस तिरमिरीत एचआरला दोन ओळी लिहून मोकळा होतो : ‘माझा या महिन्याचा पगार कमी आला आहे. कृपया लक्ष घालावे.’ त्याला उत्तरही ठरलेलं येतं, ‘चेक करून कळवतो.’ आठवडा जातो, पुढच्या महिन्याचं पगारपत्रक तयार होतं आणि कापलेले पैसे कापलेलेच राहतात. यात दर वेळी कुणाची लबाडी असते असं नाही. पत्र ज्याच्या हातात पडतं त्याला त्यातून नेमकं काय करायचं हेच कळत नाही, अशीच गत जास्त वेळा असते.

ही गत का होते, ते समजायला कंपनीच्या आत पगार कसा तयार होतो ते बघावं लागतं. आपण ज्यांना पत्र लिहितो ते एचआरवाले बहुतेक ठिकाणी पगार काढत नाहीत. पगार काढणारा पेरोल विभाग वेगळा असतो. पुष्कळदा तो बाहेरच्या एजन्सीकडे असतो. महिन्यातल्या एका ठरलेल्या तारखेला हजेरी ‘बंद’ होते. त्या तारखेपर्यंत पोर्टलवर जे दिसतं ते एका तक्त्यात उतरतं : कर्मचारी क्रमांक, किती दिवस हजर, किती दिवस बिनपगारी. पेरोलवाला फक्त तो तक्ता बघतो. तुमच्या साहेबांनी रजेला होकार दिला होता की नाही, याच्याशी त्याचा संबंध येत नाही. म्हणूनच चूक दुरुस्त व्हायची तर त्याच तक्त्यात एक नवी ओळ जावी लागते : अमुक क्रमांक, अमुक महिना, इतके बिनपगारी दिवस मागे घ्या. तुमच्या पत्रातून ती ओळ जशीच्या तशी उचलता आली, तर काम होतं. नाही तर एचआरवाल्याला ती शोधून काढावी लागते आणि शोधायचं काम मागे पडत जातं.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. व्यक्ती आणि कंपनी कल्पित आहेत. अशी प्रकरणं मात्र पगारपत्रकं हाताळणाऱ्या कुणालाही ओळखीची वाटतील.

सात हजार एकशे पन्नास

ठाण्यातल्या एका कंपनीत काम करणारी एक बाई. आठवड्याला पाच दिवस काम, शनिवार-रविवार सुट्टी. एकूण पगार ४२,००० रुपये. त्यात मूळ पगार २१,०००, बाकी घरभाडे आणि विशेष भत्ता. भविष्य निर्वाह निधी पूर्ण मूळ पगारावर बारा टक्के, म्हणजे २,५२० रुपये कापला जातो. प्राप्तिकर लागत नाही. कंपनीची हजेरी २१ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत मोजतात.

भावाच्या लग्नासाठी तिने शुक्रवार, २३ जानेवारी २०२६ आणि मंगळवार, २७ जानेवारी असे दोन दिवस रजा मागितली. मधे शनिवार, रविवार आणि सोमवारी प्रजासत्ताक दिन, म्हणजे पाच दिवस सलग मिळत होते. अर्ज १२ तारखेला पोर्टलवर टाकला. खात्यावर सहा अर्जित रजा शिल्लक होत्या. साहेबांनी दुसऱ्या दिवशी ईमेलवर ‘ओके, अप्रूव्ह्ड’ असं लिहिलं. ती लग्नाला जाऊन आली, कामाला लागली आणि विषय विसरून गेली.

जानेवारीचा पगार हाती आला होता ३९,२८० रुपये. फेब्रुवारीचा आला ३२,१३०. फरक ७,१५० रुपये. इथे बहुतेक जण पत्र लिहायला बसतात आणि पहिल्याच वाक्यात लिहितात, ‘माझे ७,१५० रुपये कमी आले आहेत.’ हा आकडा चुकीचा आहे, आणि चुकीच्या आकड्याने सुरू झालेलं पत्र तिथेच अडतं. पेरोलवाला म्हणतो, सात हजार एकशे पन्नासची कपात आमच्याकडे कुठेच नाही. आणि त्याचं म्हणणं खरं असतं.

पगाराची चिठ्ठी उघडली की गोष्ट उलगडते. वरच्या भागात कमाईच्या आधी दिवसांच्या ओळी असतात. तिच्या चिठ्ठीत लिहिलं होतं : महिन्याचे दिवस २८, देय दिवस २३, बिनपगारी दिवस ५. इंग्रजी चिठ्ठ्यांत या शेवटच्या ओळीला ‘एलओपी’ म्हणतात आणि ऑफिसात सगळेच तो शब्द वापरतात. ४२,००० भागिले २८ म्हणजे दिवसाला १,५०० रुपये. पाच दिवसांचे ७,५००. एकूण पगार त्यामुळे ३४,५०० झाला.

आता ७,५०० आणि ७,१५० यांची सांगड घालू. मूळ पगार पाच दिवसांनी कमी होऊन १७,२५० झाला, म्हणून भविष्य निर्वाह निधीची कपातही २,५२० ऐवजी २,०७० झाली. हाती येणाऱ्या रकमेत त्यामुळे ४५० रुपये परत आले. ७,५०० वजा ४५० म्हणजे ७,०५०. उरलेले १०० रुपये व्यवसाय कराचे. महाराष्ट्रात वर्षाचा व्यवसाय कर २,५०० रुपये आहे. अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००. ते शंभर रुपये नियमानेच गेले आहेत, त्यांचा रजेशी काही संबंध नाही. जानेवारीचा हातात आलेला पगार आणि फेब्रुवारीचा हातात आलेला पगार शेजारी ठेवून वजाबाकी केली की हे शंभर रुपये गुपचूप त्यात मिसळतात.

तेव्हा मागायची रक्कम हातातल्या पगारावरून नाही, एकूण पगारावरून काढायची. तिचा दावा ७,५०० रुपयांचा आहे. त्यातून तिच्या वाट्याचा ४५० रुपये निधी नेहमीप्रमाणे कापला जाईल, ७,०५० हाती येतील, आणि कंपनीने आपल्या वाट्याचे जे ४५० कमी भरले तेही तिच्या खात्यात भरावे लागतील. पगार कमी आला तेव्हा तिच्या निधीत दोन्ही बाजू मिळून ९०० रुपये कमी पडले, ही गोष्ट बँकेच्या मेसेजमध्ये दिसतच नाही. शिवाय निधीच्या मासिक विवरणपत्रात बिनपगारी दिवसांचा स्वतंत्र रकाना असतो, आणि तिथेही पाच दिवस लागले.

पाच दिवस आले कुठून?

रजा दोन दिवसांची होती, कापले पाच. याचं उत्तर पोर्टलवरच्या हजेरीच्या पानावर असतं. चिठ्ठी किती दिवस कापले ते सांगते, कोणते ते सांगत नाही. म्हणून पत्र लिहिण्याआधी हजेरीचं पान उघडायचं आणि २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी असं तारीखवार बघायचं. ‘फेब्रुवारी’ निवडून एक तारखेपासून बघितलं तर काहीच चुकीचं दिसणार नाही, कारण गोंधळ जानेवारीतल्या तारखांचा आहे. इथेच बरेच जण फसतात. फेब्रुवारीत मी एकही रजा घेतली नाही, असं ठासून लिहितात. ते खरंही असतं आणि निरुपयोगीही.

तिच्या पानावर २३ आणि २७ या दोन तारखांना गैरहजेरीची खूण होती. रजेच्या अर्जाची स्थिती ‘प्रलंबित’. साहेबांनी होकार ईमेलवर दिला होता, पोर्टलवरचं बटण दाबलंच नव्हतं. २० फेब्रुवारीला हजेरी बंद झाली तेव्हा प्रणालीने मंजुरी नसलेले दिवस बिनपगारी धरले. इतपत चूक साधी आहे.

मधले तीन दिवस मात्र वेगळ्या नियमाने गेले. ऑफिसात त्याला ‘सँडविच’ म्हणतात : सुट्टीच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्ही बाजूंना रजा असेल, तर मधली सुट्टीही रजेतच मोजायची. अनेक कंपन्यांच्या रजा-धोरणात हा नियम असतो. काही ठिकाणी तो सगळ्या रजांना लागतो, काही ठिकाणी फक्त विनापरवाना गैरहजेरीला, आणि काही ठिकाणी तो धोरणात कुठेच नसतो, फक्त सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चालू करून ठेवलेला असतो. तिच्या बाबतीत दोन्ही टोकांना गैरहजेरीची खूण दिसल्यावर शनिवार, रविवार आणि २६ जानेवारी हे तिन्ही दिवस आपोआप बिनपगारी झाले. म्हणजे एका न दाबलेल्या बटणापायी पाच दिवसांचा पगार गेला.

म्हणून या प्रकरणात दावे दोन आहेत, आणि ते वेगळे ठेवायला हवेत. पहिला दोन दिवसांचा : रजा शिल्लक होती, होकार होता, म्हणून ते दिवस अर्जित रजेतून वळते करा. दुसरा तीन दिवसांचा : त्या सुट्ट्या होत्या, त्या कापायचा आधार काय? समजा, तिच्या खात्यावर एकही रजा शिल्लक नसती. मग पहिला दावा टिकला नसता, दोन दिवसांचे ३,००० रुपये योग्यच गेले असते. तरी तीन दिवसांच्या ४,५०० रुपयांचा प्रश्न उरलाच असता. दोन्ही दावे एकाच वाक्यात गुंडाळले की एकाला नकार देताना दुसऱ्यालाही नकार मिळून जातो.

कायदा काय म्हणतो

पत्रात कायद्याची धमकी द्यायची गरज नसते, पण आपण कुठे उभे आहोत हे माहीत असलेलं बरं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात वेतन संहिता, २०१९ लागू झाली आणि १९३६ चा वेतन प्रदान कायदा तिच्यात विलीन झाला. जुन्या कायद्याचं संरक्षण महिना २४,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांनाच होतं. संहितेत ती मर्यादा नाही, त्यामुळे आपल्या उदाहरणातली बाईही आता तिच्या कक्षेत येते.

संहितेच्या कलम २० मध्ये गैरहजेरीच्या कपातीचं प्रमाण सांगितलं आहे. त्याचा मथितार्थ असा : नोकरीच्या अटींनुसार ज्या काळात काम करणं अपेक्षित होतं, त्यातला जितका भाग माणूस गैरहजर होता, त्याहून मोठा भाग त्याच्या वेतनातून कापता येत नाही. ‘काम करणं अपेक्षित होतं’ ही यातली कळीची अट. पाच दिवसांच्या आठवड्यात शनिवारी-रविवारी काम अपेक्षितच नसेल, तर त्या दिवशी ती गैरहजर होती असं म्हणायचं कसं, हा युक्तिवाद यातूनच उभा राहतो. प्रजासत्ताक दिनाची गोष्ट तर आणखी सरळ आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या आहेत आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या चार त्यात ठरलेल्याच आहेत. त्याच कायद्यात आठ दिवस नैमित्तिक रजा आहे, आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा आहे. हा कायदा सगळ्याच आस्थापनांना किंवा व्यवस्थापकीय पदांना लागू होत नाही, कारखान्यांचे नियमही वेगळे आहेत. त्यामुळे पत्रात त्याचा आधार घेण्याआधी आपण त्यात बसतो का ते बघून घ्यावं. नाही तर कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीचा आधार पुरेसा असतो. २६ जानेवारी त्या यादीत असतेच.

पत्र

आता पत्र. पुष्कळ ऑफिसांत ते इंग्रजीत लिहिलं जातं; भाषा कोणतीही असो, क्रम हाच ठेवावा. आपल्या उदाहरणातल्या बाईने सोमवारी, २ मार्चला लिहिलेलं पत्र असं असावं :

> प्रति,
> मनुष्यबळ विभाग
>
> विषय : फेब्रुवारी २०२६ च्या पगारातील पाच बिनपगारी दिवसांची कपात (कर्मचारी क्रमांक …)
>
> महोदय,
>
> माझ्या फेब्रुवारी २०२६ च्या पगारपत्रकात पाच दिवस बिनपगारी दाखवून एकूण पगारातून ७,५०० रुपये (४२,००० ÷ २८ × ५) कापले आहेत. हजेरीच्या नोंदीवरून हे दिवस २३ ते २७ जानेवारी असे दिसतात.
>
> १. २३ व २७ जानेवारी : या दोन दिवसांच्या अर्जित रजेचा अर्ज मी १२ जानेवारी रोजी पोर्टलवर केला होता. त्या दिवशी माझ्या खात्यावर सहा रजा शिल्लक होत्या. माझ्या वरिष्ठांनी १३ जानेवारी रोजी ईमेलद्वारे मंजुरी दिली. पोर्टलवर मात्र अर्ज अद्याप प्रलंबित दिसतो. हे दोन दिवस अर्जित रजेत वर्ग करावेत.
>
> २. २४, २५ व २६ जानेवारी : हे दिवस अनुक्रमे शनिवार, रविवार आणि प्रजासत्ताक दिनाची सुट्टी आहेत. ते कोणत्या नियमानुसार बिनपगारी धरले, ते कृपया कळवावे. मंजूर रजेच्या मधल्या सुट्ट्या बिनपगारी धरण्याची तरतूद नसल्यास हे तिन्ही दिवस पूर्ववत करावेत.
>
> मार्चच्या पगारात फेब्रुवारीचे पाच बिनपगारी दिवस मागे घेऊन ७,५०० रुपये फेब्रुवारीच्याच दराने थकबाकी म्हणून द्यावेत आणि त्यावरील भविष्य निर्वाह निधीची दोन्ही बाजूंची रक्कम जमा करावी, ही विनंती. मार्चची हजेरी २० तारखेला बंद होते, म्हणून त्याआधी आपला निर्णय कळावा.
>
> सोबत : फेब्रुवारीचे पगारपत्रक, २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीची हजेरी, रजेच्या शिलकेचे पान, वरिष्ठांची १३ जानेवारीची ईमेल.
>
> आपली,
> …

यात राग नाही, ‘मानसिक त्रास झाला’ नाही, घराच्या हप्त्याचा उल्लेख नाही. हप्ता खरोखर चुकला असेल तरी तो पहिल्या पत्रात नको. त्याने हिशेब बदलत नाही, उलट वाचणाऱ्याचं लक्ष तारखांवरून उडतं. पत्राच्या विषयातच कर्मचारी क्रमांक, महिना आणि दिवस आहेत. एचआरमधल्या माणसाला पेरोलकडे जी ओळ पाठवायची आहे, ती त्याला विषयातच मिळते.

दुसऱ्या परिच्छेदात आरोप नाही, प्रश्न आहे, हेही बघा. ‘तुम्ही बेकायदा कपात केली’ असं लिहिलं की समोरचा बचावाला उतरतो. ‘कोणत्या नियमानुसार’ असं विचारलं की त्याला एकतर नियम दाखवावा लागतो, नाही तर नियम नाही हे मान्य करावं लागतं. नियम नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये असेल, धोरणात नसेल, तर ते या एका प्रश्नानेच बाहेर येतं.

पत्र ईमेलने पाठवावं आणि साहेबांना प्रत ठेवावी. मात्र त्याआधी साहेबांशी एकदा बोलून घ्यावं. बटण त्यांचं राहिलं आहे. प्रत अचानक समोर आली तर त्यांना ती तक्रार वाटते, आधी सांगितलं तर तेच खाली ‘रजा मंजूर होती’ अशी एक ओळ लिहून देतात. त्या एका ओळीने पहिला दावा जवळपास निकालात निघतो. कंपनीत तक्रारीसाठी तिकीट प्रणाली असेल तर तिथेही नोंद करावी, पण तिथल्या लहानशा चौकटीत प्रकरण कोंबू नये. ‘सविस्तर पत्र ईमेलने पाठवले आहे’ एवढंच लिहून पत्र जोडावं.

उत्तरं कशी येतात

पहिलं नेहमीचं उत्तर : ‘सिस्टममध्ये मंजुरी नव्हती.’ हे उत्तर दोन दिवसांपुरतं आहे, आणि तेही पैसे का कापले गेले एवढंच सांगतं. परत का देणार नाही, हे सांगत नाही. यावर एका वाक्याचं उत्तर पुरे : मंजुरी १३ जानेवारीच्या ईमेलमध्ये आहे, पोर्टलवरची नोंद आता करून घ्यावी. हजेरी बंद झाल्यावर साहेबांना मागच्या तारखेची मंजुरी देता येत नाही, पण एचआरकडे ती उघडण्याची सोय बहुतेक प्रणालींत असते.

दुसरं उत्तर : ‘धोरणानुसार कपात झाली आहे.’ अशा वेळी धोरणातलं कलम मागावं आणि ते शब्दशः वाचावं. कलमात ‘विनापरवाना गैरहजेरी’ असं लिहिलं असेल, तर दोन दिवस मंजूर रजेत वर्ग होताच मधल्या तीन दिवसांचा आधार आपोआप गळून पडतो. कलमात ‘कोणतीही रजा’ असं लिहिलं असेल, तर गोष्ट थोडी वेगळी. मग मधले दिवसही रजेत मोजले जाऊ शकतात, पण ते पगारातून कापायचे की शिल्लक रजेतून, हा प्रश्न उरतो. तिच्याकडे सहा रजा होत्या, लागल्या पाच. सगळ्यात कडक अर्थ लावला तरी पगारातून एक रुपयाही जायला नको होता. हा मुद्दा दुसऱ्या पत्रात लिहायचा. पहिल्याच पत्रात लिहिला तर आपण होऊन तीन रजा सोडून दिल्यासारखं होतं.

तिसरं उत्तर सगळ्यात गोड असतं : ‘पुढच्या महिन्यात करून देतो.’ याला ‘आभार’ एवढंच लिहून थांबू नये. आभाराच्या त्याच ईमेलमध्ये ‘म्हणजे मार्चच्या पगारात ७,५०० रुपये, पाच दिवस, फेब्रुवारीच्या दराने’ असं लिहून टाकावं. तोंडी आश्वासन तेवढ्याने कागदावर येतं.

उत्तरच आलं नाही तर २० तारखेच्या आधी त्याच ईमेलच्या खाली एक स्मरणपत्र, आणि मार्चचा पगारही दुरुस्तीशिवाय आला तर एचआर प्रमुखांना तेच पत्र पुन्हा, नवीन काही न लिहिता. त्यापुढे कामगार आयुक्तांच्या कार्यालयाचा रस्ता आहे. वेतन संहितेखाली अशा कपातीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि अयोग्य कपात सिद्ध झाली तर मूळ रकमेशिवाय भरपाईचाही आदेश होऊ शकतो. सात-साडेसात हजारांसाठी इतकं लांब जायची वेळ सहसा येत नाही. पण आली, तर तिथला अधिकारी पहिल्यांदा मागतो ते कागद वरच्या पत्रासोबत जोडलेले आहेत.

दुरुस्तीतली चूक

मार्चचा पगार आला, चिठ्ठीत ‘थकबाकी’ अशी ओळ दिसली, की लोक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि चिठ्ठी मिटतात. ती मिटण्याआधी आकडा बघावा. काही ठिकाणी पाच दिवस परत करताना ते चालू महिन्याच्या दराने परत होतात. मार्च ३१ दिवसांचा, म्हणजे दिवसाचा दर १,३५४ रुपये ८४ पैसे आणि पाच दिवसांचे ६,७७४ रुपये. कापताना २८ ने भागलं आणि देताना ३१ ने, यात तिचे ७२६ रुपये जातात. पत्रात ‘फेब्रुवारीच्याच दराने’ हे शब्द त्यासाठीच घातले आहेत. सॉफ्टवेअरमध्ये बिनपगारी दिवस मागे घेताना कोणत्या महिन्याचे ते निवडायचं असतं. घाईत चालू महिना राहून जातो.

सगळं बरोबर झालं तर तिच्या मार्चच्या चिठ्ठीत असं दिसेल : नेहमीचे ४२,०००, थकबाकी ७,५००, निधीची कपात २,५२० अधिक ४५०, व्यवसाय कर पुन्हा २००, आणि हाती ४६,३३० रुपये. रजेच्या पानावर सहातून दोन वजा होऊन चार शिल्लक. ही शिल्लक बघणंही गरजेचं आहे, कारण दुरुस्ती करताना कधी पाचही दिवस रजेतून वळते होतात आणि शिल्लक एकच राहते. पैसे परत आल्याच्या आनंदात ते लक्षात येत नाही. उलट शिल्लक सहाच दिसली तर तेही सांगावं. घेतलेल्या दोन रजा वजा व्हायलाच हव्यात, आणि वर्षअखेरीच्या ताळेबंदात त्या कधी ना कधी निघतातच.

शेवटचं पान भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकाचं. तिथे नोंद चढायला वेळ लागतो, म्हणून ते एप्रिलच्या अखेरीस उघडावं. फेब्रुवारीसमोर कर्मचाऱ्याच्या वाट्याचे २,०७० दिसतील, ते तसेच राहतील. मार्चच्या २,५२० मध्ये मिळून किंवा वेगळ्या थकबाकीच्या नोंदीने ४५० रुपये आलेले दिसायला हवेत, आणि मालकाच्या वाट्यातही तितकेच. ते दिसले की प्रकरण संपलं. दिसले नाहीत, तर त्याच ईमेलच्या खाली आणखी एक ओळ लिहायची : पगाराची थकबाकी मिळाली, निधीचे दोन्ही बाजूंचे मिळून ९०० रुपये अजून जमा झालेले दिसत नाहीत.